दहीहंडीच्या निवेदकाने कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं

प्रश्न: बेळगावात आमच्या गल्लीत दहीहंडी आहे आणि निवेदन माझ्याकडे आलंय. थरांची सुरक्षितता आणि लहान मुलांची काळजी यावर भर देणारी स्क्रिप्ट कशी लिहू? नमुना असेल तर द्या.

उत्तर:

पाहुण्यांच्या सत्कारानंतर वाचायला म्हणून "सुरक्षेविषयी दोन शब्द" असं काही लिहून ठेवलं असेल तर ते आधी खोडा. ते कुणी ऐकत नाही. त्या वेळी पथकं टेम्पोतून उतरत असतात, वर्गणीदार खुर्च्या शोधत असतात आणि डीजेवाला आवाज तपासत असतो. सुरक्षितता ऐन वेळच्या हुकमांत घालायची असते, आणि ते हुकूम कधी द्यायचे हे कळण्यासाठी एक हिशेब डोक्यात पक्का बसायला हवा.

माणसाच्या पायापासून खांद्यापर्यंतची उंची धरा साडेचार फूट. म्हणजे दुसऱ्या थराचे पाय साडेचार फुटांवर, तिसऱ्याचे नऊ फुटांवर, चौथ्याचे साडेतेरा फुटांवर. साडेतेरा फुटांवरून माणूस खाली यायला एक सेकंदसुद्धा लागत नाही, आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग तासाला तीसएक किलोमीटर असतो. या वेळात तुम्ही माईकवर "सांभाळा" एवढंसुद्धा पुरतं म्हणू शकत नाही. थर कोसळायला लागल्यावर निवेदकाच्या हातात काहीच नसतं. त्याच्या हातात असतं ते चढण्याआधीचं आणि उतरतानाचं. स्क्रिप्ट तिथेच लिहायची, मधल्या वेळात तोंड बंद ठेवायचं.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण यावरून माझं आणि माझ्या मामेभावाचं, दादाचं, अजूनही पटलेलं नाही. तो आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष, मी शाळेत शिकवणारा, म्हणून माईक माझ्याकडे. त्या वर्षी दुपारपासून बेळगावचा तो श्रावणातला बारीक पाऊस लागून राहिला होता. समोरासमोरच्या दोन माड्यांवरून दोर बांधला होता, कप्पीवर हंडी वरखाली होत होती. खानापूर बाजूचं एक पथक आलं. आपल्याकडे मुंबईसारखी बरीच आधीपासून सराव करणारी पथकं फार नाहीत. तालमीतली, कबड्डीच्या संघातली पोरं आठवडाभर संध्याकाळी थर लावून बघतात आणि येतात. हेही तसंच. तीन थर लागले की वर पाठवायला म्हणून त्यांनी एका पोराला पुढे आणलं. त्याच्या डोक्यावर बापाचं मोटारसायकलचं हेल्मेट. मान हलवली की हेल्मेट मागाहून हलायचं आणि पुढे येऊन डोळ्यांवर बसायचं. हनुवटीखालच्या पट्ट्यात माझी अख्खी मूठ जाईल एवढी जागा होती.

मी पथकप्रमुखाला वय विचारलं. "पंधरा, सर." पोराला विचारलं, तोही पंधराच म्हणाला, पढवून आणलेला. मग मी माईक त्याच्या तोंडाशी धरला आणि विचारलं, "कितवीत आहेस बाळ?" पोरगं लगेच म्हणालं, "पाचवीत." सगळी गल्ली हसली. मी म्हटलं, "पाचवीतला गोविंदा खालून टाळ्या वाजवणार. वर तुमच्यातलाच कोणीतरी मोठा जाऊ दे, नाहीतर तीन थरांची सलामी द्या, मंडळ मान देईल."

इथून दादाचं आणि माझं बिनसलं. तो स्टेजवर चढला, "काय करूलास रे हे? लोक बघायला आलेत की!" म्हणत त्याने माईक घेतला. पथकाने तोवर तीन थरांची सलामी द्यायचं ठरवलं होतं आणि थर लागलेही. नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे आले. दादाने माईकवरून त्यांचं स्वागत सुरू केलं, डीजेवाल्याने ढोलाचा आवाज चढवला, कोपऱ्यावर माळ लागली. उतरायची शिट्टी झाली ती दुसऱ्या थराला ऐकू आली, तिसऱ्याला नाही. दुसऱ्या थरातला एकजण खाली बसायला लागला आणि त्याच्या खांद्यावरचा तिसऱ्या थरातला अजून ताठ उभा. तो बाजूला गेला, खालच्या गर्दीच्या पलीकडे, डांबरावर. पंचवीसेक वर्षांचा गडी, खांद्याजवळचं हाड मोडलं.

दादा तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात एकच म्हणतो: "तू पोराला काढलास, पण पडला तो मोठाच की. मग तुझ्या त्या अडवण्याने काय साधलं?" लोकांना हे पटतंही. म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो. मोठा पडला नऊ फुटांवरून, पोरगा असता तर साडेतेरावरून, ते सैल हेल्मेट घालून. आणि पंचवीस वर्षांच्या गड्याने स्वतः ठरवून पाय ठेवला होता. पाचवीतल्या पोराने काहीच ठरवलेलं नसतं, हलका आहे म्हणून त्याला वर चढवतात. शिवाय तो गडी पडला तो पोराला काढल्यामुळे नाही, स्वागताच्या माईकमुळे आणि डीजेमुळे. आणि माईक तेव्हा दादाच्या हातात होता, माझ्या नाही.

आता तुमची स्क्रिप्ट.

पहिला तुकडा नोंदणीच्या टेबलावरचा. तो माईकवर यायच्या आधी कागदावर यायला हवा. वय विचारू नका, इयत्ता विचारा आणि आधार कार्डावर जन्मवर्ष बघा. वय सांगायला पोरं शिकवलेली असतात, इयत्ता त्यांच्या तोंडातून आपोआप निघते. माईकवर हे असं म्हणा:

"सर्व पथकप्रमुखांनी ऐकावं. चौदा वर्षांखालचा एकही मुलगा किंवा मुलगी थरात चालणार नाही. कोणत्याही थरात नाही. अठराच्या आतल्यांना फक्त खालच्या घेऱ्यात जागा आहे, खांद्यावर नाही. हे मोडलं तर पथकाचं नाव यादीतून जाईल. एकदाच सांगतो, पुन्हा विचारायला येऊ नका."

हे कडक वाटतं, पण "शक्यतो लहान मुलांना टाळावं" असं गुळमुळीत लिहिलंत तर टेबलावर वाद होतो, आणि वादात नेहमी पथक जिंकतं, कारण ते शंभर जण असतात.

चौदा हा आकडा मी काढलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अठराच्या आतल्यांना थरांत बंदी आणि उंचीला २० फुटांची मर्यादा घातली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी कायम ठेवल्या. २०१७ मध्ये प्रकरण परत उच्च न्यायालयात गेल्यावर महाराष्ट्र सरकारने चौदाखालच्यांना घेणार नाही अशी हमी दिली आणि उंचीची अट सुटली. हे सगळं महाराष्ट्रातल्या हंडीविषयी आहे, म्हणून आपल्याकडे काहीजण "ते तिकडचं, आपण कर्नाटकात" म्हणतात. पण चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावू नये हा बालकामगार कायदा देशभराचा आहे आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन निपाणीतही लागते, खानापुरातही लागते. उलट महाराष्ट्राने २०२२ मध्ये हंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत जाहीर केली. ती मदत आपल्या गल्लीत पडलेल्याला मिळायची नाही. इथे पडलो तर आपण आणि आपलं मंडळ. विमा वेगळा उतरवावा लागतो आणि तो सरावाच्या दिवसांनाही लागू होतो का ते पॉलिसी वाचून बघावं लागतं, कारण पोरं सरावातच जास्त निष्काळजी असतात. २०२५ मध्ये दहिसरला सणाच्या आधी सरावातच पडून अकरा वर्षांचा मुलगा गेला.

मग लहान मुलांनी काय फक्त बघायचं? नाही. त्यांची बाळगोपाळांची हंडी वेगळी लावा, सकाळी, दोर हात वर केल्यावर काठी पोहोचेल एवढा खाली, थर एकही नाही. मडकं पातळ, छोटं, आणि त्यावर नारळ बांधू नका. मोठ्यांच्या हंडीतसुद्धा नारळ नको. लोक थरांकडे बघतात, फुटल्यावर खाली येणाऱ्या खापऱ्या आणि नारळ कुणाच्या डोक्यात बसतो तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

दुसरा तुकडा हंडीच्या उंचीचा. आपल्याकडे उलटं चालतं: आधी दोर बांधतात आणि मग किती थर लागतील ते बघतात. थर आधी ठरवा. तीन थर म्हणजे वरच्याचे पाय नऊ फुटांवर, त्याचा वर केलेला हात आणखी साडेसहा फूट, म्हणजे हंडी पंधरा-साडेपंधरा फुटांवर. चार थरांना वीस फूट. गल्लीतल्या पथकांसाठी मी पंधराच्या वर जाणार नाही. आणि कप्पीच्या दोरावर बसणाऱ्याला सांगून ठेवा की एकदा लावलेली हंडी वर जायची नाही, फक्त खाली येऊ शकते. पथक पोहोचतंय असं दिसलं की गंमत म्हणून हातभर वर ओढणारे महाभाग प्रत्येक गल्लीत असतात. वरचा माणूस मग टाचा उचलतो, आणि टाचा उचलल्या की खालच्याच्या खांद्यावर फक्त चवडे राहतात. तेवढं पुरे असतं. माईकवर एकच वाक्य:

"हंडी जागेवर आहे. दोराला हात लावायचा तो फक्त खाली घेण्यासाठी."

तिसरा तुकडा चढण्याचा, आणि तो सगळ्यात लहान आहे. पहिला थर खांद्याला खांदा लावून उभा राहतो, भोवती घेरा पडतो, दुसरा थर वर जाऊन उकिडवा बसतो, तिसरा त्याच्यावर, आणि मग शिट्टीवर एकेक थर उठतो. ही शिट्टी पथकाच्या प्रशिक्षकाची असते. तुमचा आवाज तिच्यावर पडता कामा नये. दुसरा थर बसला की म्हणा:

"डीजे बंद. पाणी बंद. फटाके बंद. आता फक्त शिट्टी. मागच्यांनी दोन पावलं मागे, हिंद सरीरी, हिंद सरीरी."

कन्नड वाक्य मुद्दाम घातलंय. गर्दीत अर्धे लोक कन्नड बोलणारे असतात आणि मागे सरायचं त्यांनाही असतं. एवढं बोललात की माईक खाली. "जोरात, गोविंदा, अजून थोडं" हे सगळं स्क्रिप्टमधून काढा. डीजेवाल्याशी आधी बोलून ठेवा की तुमचा हात वर गेला की मास्टर खाली ओढायचा, कुणाला विचारायचं नाही, अध्यक्षालाही नाही. पाण्याच्या टँकरचा पाइप धरणाराही तुमच्या नजरेसमोर हवा. आपल्याकडे त्या दिवसांत पाऊस असतोच, वर आणखी पाणी कशाला हे मला कधी कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र माईक वर घेऊन थांबवायची. खालच्या थरातल्यांचे गुडघे थरथरायला लागले, किंवा दुसऱ्या थरातल्या कुणाची मान खाली जाऊन पाठ गोल व्हायला लागली, तर ते थर टिकत नाहीत. त्या वेळी "थांबा" म्हणू नका, थांबणं त्यांना जमत नाही. "उतरा, सलामी मान्य" म्हणा. पथकाला मान मिळाला की उतरायला लाज वाटत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

चौथा तुकडा उतरण्याचा, आणि माझ्या मते सगळी स्क्रिप्ट याच्यासाठीच असते. हंडी फुटली की गल्लीचं लक्ष सुटतं. लोक नाचायला पुढे घुसतात, डीजे पेटतो, घेऱ्यातले वर बघायचं सोडून दह्याकडे बघतात, आणि वर माणसं अजून उभी असतात. म्हणून बक्षिसाचा नियमच बदला आणि तो माईकवर पुन्हापुन्हा सांगा:

"हंडी फुटली, बक्षीस अजून ठरलेलं नाही. शेवटचा गोविंदा स्वतःच्या पायावर जमिनीला लागला की बक्षीस. तोवर गाणं नाही, फटाका नाही, कोणी पुढे यायचं नाही. वरून एकेक, सावकाश. सावकाश इळीरी."

यालाही दादा हसला होता, असले नियम कुठे असतात म्हणून. स्पेनमध्ये कातालोनियातले लोक आपल्यासारखेच माणसांचे मनोरे रचतात, आणि त्यांच्या स्पर्धेत नुसता रचलेला मनोरा आणि रचून नीट उतरवलेला मनोरा यांचे गुण वेगवेगळे असतात, उतरवलेल्याला जास्त. जिथे पैसा आणि गुण लावाल तिकडे पथकं लक्ष देतात. फुटण्यावर लावलेत तर फोडतील, उतरण्यावर लावलेत तर उतरतील.

हेल्मेटविषयी थोडक्यात. सायकलचं किंवा गिर्यारोहणाचं हलकं हेल्मेट चालतं, मोटारसायकलचं बंद हेल्मेट नको, मान जड होते आणि बाजूचं दिसत नाही. हनुवटीच्या पट्ट्यात दोन बोटं जावीत, तिसरं नाही. नोंदणीच्या टेबलावर कुणीतरी प्रत्येकाचा पट्टा बोटं घालून बघावा. सगळ्यात वरच्याला सेफ्टी बेल्ट आणि दोर लावणार असाल तर तो दोर हंडीच्या दोरालाच बांधू नका, त्याला वेगळा आधार आणि तो धरणारा शिकलेला माणूस हवा. नसेल तर चौथा थर लावू नका. जमिनीवरच्या गाद्या घेऱ्याच्या बाहेरही अंथरा, कारण माणूस सरळ खाली कमी आणि बाजूला जास्त जातो.

शेवटचा तुकडा तुम्हाला वाचावा लागू नये, पण लिहून ठेवा:

"सगळ्यांनी जागेवर थांबा. पडलेल्याला कोणी उचलायचं नाही. पाणी पाजायचं नाही. रुग्णवाहिकेला वाट, दारी बिड्री, दारी बिड्री."

आमच्याकडे त्या गड्याला चौघांनी हातपाय धरून उचललं आणि मारुती व्हॅनमध्ये कोंबलं. मानेला लागलेलं असतं तर त्या उचलण्यानेच तो कायमचा लुळा झाला असता. हातापायाला मुंग्या येतात, बोटं हलत नाहीत, मान दुखते असं तो म्हणाला तर डोकं आहे त्याच रेषेत धरून ठेवायचं आणि १०८ ची वाट बघायची, फळी किंवा स्ट्रेचर येईपर्यंत. डोक्याला मार लागलेला असेल आणि पोरगा उठून हसत असेल तरी घरी सोडू नका. ओकारी, गुंगी, असंबद्ध बोलणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त यातलं काहीही दिसलं तर दवाखाना, आणि काही दिसलं नाही तरी रात्रभर कुणीतरी सोबत.

आता राहिलेलं. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. पोलिसांची परवानगी, महानगरपालिकेचा अर्ज, दोराजवळून विजेची तार जात असेल तर हेस्कॉमला आधी कळवून ती बंद ठेवायला लावणं, हे तुमच्या मंडळाला माहीत असेल असं धरतो. परवानगीच्या कागदावर यापेक्षा कडक अटी असतील तर त्या पाळा, माझं राहू द्या. अठराच्या आतल्यांना खांद्यावर नाहीच म्हणणं हेही माझं मत आहे, यावर तुमच्या पथकांशी भांडण होईल, तुम्ही सोळावर आलात तर मी काही तुमच्या गल्लीत येऊन अडवणार नाही. चौदावर मात्र घासाघीस करू नका.

आणि ही सगळी स्क्रिप्ट एका कागदावर छापून तिच्याखाली अध्यक्षांची सही आधी घ्या: थर लागलेले असताना माईक निवेदकाकडेच राहील आणि पाहुण्यांचं स्वागत थर उतरल्यावर होईल. आमच्याकडे असा कागद मी दादापुढे ठेवलेला आहे. सही अजून झालेली नाही, त्यामुळे माईकही अजून मी घेतलेला नाही.